गोळ्या गरम पडल्या की पोट रिकामं पडलं?
(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

भात कापणीच्या दिवसांत आमच्याकडे भोर आणि वेल्हे भागात विळ्याने बोट कापलेले पेशंट नेहमीच येतात. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, पण माझ्या दवाखान्यात सगळे अजून वेल्हेच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते.) अशाच एका ऑक्टोबरअखेरीस अडुसष्ट वर्षांच्या एक आजी आल्या. बोट सुजून लाल झालेलं, पू धरलेला. मी जखम साफ केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड या अँटिबायोटिकच्या पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला.

"मॅडम, गोळ्या गरम पडल्या. आत्यांना सकाळपासून चार वेळा जुलाब झाले. दहीभात दिलाय. अजून देऊ का?"

हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. गोळी गरम, दही थंड, म्हणून गोळीवर दही. आज त्याच प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं ठरवलं आहे, कारण त्या घरात पुढे जे झालं ते दह्यामुळे झालं नाही, पण दह्यावर विसंबल्यामुळे थोडं झालं.

आधी हे जुलाब का होतात ते पाहू. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि ते फुकट राहत नाहीत. भाकरी, डाळ, भाजी यांतला जो भाग आपल्याला पचत नाही, तो खाली उतरल्यावर हे जिवाणू तो आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्लं आतड्याच्या पेशी शोषून घेतात आणि त्यांच्याबरोबर मीठ आणि पाणीही शोषलं जातं. अँटिबायोटिक जखमेतल्या जिवाणूंना मारतं तसंच यांनाही मारतं. त्याला मित्र-शत्रू कळत नाही. मग न आंबलेली साखर आतड्यात तशीच पडून राहते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की जसं पाणी सुटतं, तसं ती साखर आतड्यात पाणी ओढून धरते. तेच पाणी जुलाब होऊन बाहेर पडतं. गोळीची गरमी वगैरे यात काही नाही, जिवाणू कमी पडले एवढंच आहे. काही औषधं याशिवाय आतड्याची हालचालही वाढवतात, एरिथ्रोमायसिन हे त्यातलं. आजींना दिलेल्या गोळीतला क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचा भागही पोट बिघडवण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

अँटिबायोटिक घेणाऱ्या शंभरांपैकी पाचपासून तीसपर्यंत लोकांना असे जुलाब होतात. आकड्यात एवढा फरक पडतो तो कोणतं औषध, किती दिवस आणि पेशंट किती वयाचा यावरून. बहुतेकांना दिवसातून तीनेक वेळा पातळ होतं, ताप नसतो, रक्त नसतं आणि कोर्स संपला की काही दिवसांत पोट जागेवर येतं. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण फोन करून विचारायला मात्र हरकत नाही. कारण कधीकधी डॉक्टर सांगतील, आता गोळी बंद केली तरी चालेल. विनाकारण चालू असलेली गोळी बंद करणं हाच या जुलाबांवरचा सगळ्यात चांगला इलाज असतो, आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक दिलेलं असेल तर ते बंद करताना आम्हा डॉक्टरांनाही संकोच वाटू नये.

आता दही. घरच्या दह्यात जिवाणू असतात, भरपूर असतात. चांगल्या लागलेल्या दह्याच्या एका वाटीत सहज शंभर कोटी आणि अनेकदा त्याहून कितीतरी जास्त जिवंत जिवाणू असतात. औषधाच्या दुकानातल्या प्रोबायोटिक कॅप्सूलवर जो आकडा लिहिलेला असतो, त्याच्या आसपासच हे. म्हणजे संख्येत दही कमी पडत नाही. कमी पडतं ते जातीत. विरजणातले जिवाणू दुधात वाढायला पटाईत असतात, आतड्यात टिकायला नाही. पोटातलं आम्ल आणि पित्त यांतून त्यांच्यापैकी बरेचसे वाचत नाहीत आणि जे वाचतात ते चार दिवसांचे पाहुणे असतात. शिवाय एका घरचं विरजण दुसऱ्या घरच्यासारखं नसतं. वेल्ह्याच्या म्हशीच्या दुधाचं दही आणि पुण्याच्या पिशवीतल्या दुधाचं दही यांत कोणते जिवाणू किती, हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे ‘दह्याने हे जुलाब टळतात’ असं ठामपणे दाखवणारा पुरावा नाही. जे छोटे अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

मग दही द्यायचं नाही का? जरूर द्यायचं. जुलाबाच्या दिवसांत दुधातली साखर पचवण्याची ताकद काही काळ कमी झालेली असते, त्यामुळे दूध प्यायलं की पोट आणखी गुबारतं. दह्यात ती साखर काही प्रमाणात आधीच आंबलेली असते आणि उरलेली पचवायला दह्यातले जिवाणूच मदत करतात. म्हणून दूध बाजूला ठेवून ताक, दहीभात, मऊ भात, भाताची पेज, नाचणीची आंबील हे सगळं चालतं. चुकतं ते एवढंच, की दही दिलं म्हणजे औषध दिलं असं समजून घर निश्चिंत होतं. आणखी एक अडचण काही गोळ्यांची आहे. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधं दुधा-दह्यातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात आणि मग रक्तात पुरेशी जात नाहीत. चिखलात भातलावणी करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसच्या संशयाने डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं जातं. ती गोळी वाटीभर दह्याबरोबर घेतली तर पोटाची काळजी घेतल्यासारखं वाटतं, पण औषधाचं काही काम फुकट जाऊ शकतं. अशा गोळीनंतर दोन तास तरी दही-दूध थांबवावं.

प्रोबायोटिकचं काय? हे पाकीट हल्ली अँटिबायोटिकच्या चिठ्ठीबरोबर जोडीने येतं, म्हणून त्याचा खरा हिशेब सांगते. २०१२ साली अमेरिकेतल्या एका मेडिकल नियतकालिकात साठाहून अधिक प्रयोगांचा एकत्र अभ्यास छापून आला. त्यात जवळपास बारा हजार माणसं होती. निष्कर्ष असा, की तेरा लोकांनी प्रोबायोटिक घेतलं तर त्यांतल्या एकाचे जुलाब टळतात. उरलेल्या बारांना एक तर जुलाब झालेच नसते किंवा प्रोबायोटिक घेऊनही झाले. लहान मुलांबाबत २०१९ मध्ये झालेल्या आढाव्यात चित्र थोडं बरं दिसलं. प्रोबायोटिक न घेतलेल्या शंभर मुलांपैकी एकोणीसांना जुलाब झाले आणि घेतलेल्या शंभरांपैकी आठांना. दुसऱ्या बाजूला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये पासष्टच्या पुढच्या जवळजवळ तीन हजार हॉस्पिटलमधल्या पेशंटांवर एक मोठा प्रयोग झाला. तिथे प्रोबायोटिक घेणाऱ्यांत आणि खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांत काहीच फरक आढळला नाही. दोन्हीकडे शंभरांत दहा-अकरा जणांना जुलाब.

या गोंधळाचं कारण नावात आहे. ‘प्रोबायोटिक’ हे एका औषधाचं नाव नाही, ‘भाजी’ म्हटल्यासारखं आहे. त्यातल्या दोन जातींवर बराच अभ्यास झाला आहे. एक लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि दुसरी सॅकरोमायसिस बोलार्डी. ही दुसरी म्हणजे जिवाणू नव्हे, यीस्ट आहे. १९२० च्या दशकात बोलार्ड नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने इंडोचायनामध्ये लिची आणि मँगोस्टीन या फळांवरून ती वेगळी काढली. यीस्ट असल्यामुळे जिवाणू मारणाऱ्या गोळीने ती मरत नाही, हा तिचा फायदा. इतर कॅप्सूल मात्र अँटिबायोटिकबरोबर एकाच घोटात गिळली तर आतले जिवाणू गोळीच मारून टाकेल. त्या दोहोंत दोन-तीन तासांचं अंतर हवं. आणि सुरुवात करायची ती गोळीबरोबर, पहिल्या-दुसऱ्या दिवशीच. जुलाब लागल्यावर पाचव्या दिवशी पाकीट आणून फारसं साधत नाही.

अजून एक गोष्ट २०१८ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी दाखवली, ती मला स्वतःला चकित करणारी होती. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात बाहेरचे जिवाणू छान बसले, पण त्यामुळे त्यांचे स्वतःचे जुने जिवाणू परत यायला जास्त वेळ लागला. तो अभ्यास अगदी मोजक्या माणसांवरचा होता, त्यावरून नियम बांधता येत नाही. पण ‘घेतलं तर तोटा तर नाही ना’ हे वाक्य मी तेव्हापासून कमी वापरते. कॅन्सरची औषधं चालू असलेल्यांना, प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांना, मोठ्या शिरेत नळी घातलेल्या पेशंटांना आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर ही पाकिटं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नयेत. त्यांच्या रक्तात हेच जिवाणू किंवा यीस्ट शिरून आजार होऊ शकतो.

माझा स्वतःचा शिरस्ता असा आहे. आधीच्या कोर्सला जुलाब झालेले मूल असेल तर मी गोळीबरोबर प्रोबायोटिक सांगते. एरवी आग्रह धरत नाही. खिशात मोजके पैसे असतील तर आधी ओआरएसची पाकिटं घ्यायला सांगते. ती आशाताईकडे फुकटही मिळतात.

आता आजींकडे परत येते. सुनेला मी फोनवर विचारलं: ताप आहे का, रक्त पडलं का, लघवी होते का, पाणी पोटात राहतं का? सगळं ठीक होतं. ओआरएस सुरू करा, संध्याकाळी पुन्हा फोन करा, असं मी सांगितलं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं. एक लिटरच्या रिकाम्या बाटलीने पाणी मोजायचं, पाणी उकळून गार केलेलं असावं, आणि मोठ्या माणसाने प्रत्येक जुलाबानंतर एक पेला प्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक वेळी पाव ते अर्धा कप, चमच्याने. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून घोट घोट पाजतात ती मोठी चूक. तेवढ्या पाण्यात मीठ फार होतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लहान मुलांना याबरोबर चौदा दिवस झिंकची गोळीही देतात.

संध्याकाळी फोन आला नाही. मला वाटलं, बरं वाटलं असेल. प्रत्यक्षात मुलाने गावातून येताना एका दुकानातून ‘जुलाबाच्या गोळ्या’ आणल्या होत्या. त्यातली एक जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची होती आणि दुसरी दोन औषधं एकत्र असलेली, ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल. नीट पाहा, हे ओफ्लॉक्सासिन म्हणजे पुन्हा अँटिबायोटिकच. अँटिबायोटिकने झालेल्या जुलाबावर दुसरं अँटिबायोटिक! आपल्याकडे ही गोळी जुलाबावर इतकी सर्रास घेतली जाते, की ती कशासाठी आहे हे कोणी विचारत नाही. दोन दिवस जुलाब थांबले. घरात सगळे खूश. बोटही बरं झालं.

बारा दिवसांनी सुनेचा पुन्हा फोन. आता दिवसात आठ-दहा वेळा जुलाब, वास विचित्र, अंगात ताप, पोट दुखतं आणि फुगलंय. सकाळपासून लघवी झाली नाही. त्यात आजींना ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. "दही चालूच आहे," सुनेने सांगितलं. गोळ्या संपून दहा दिवस झाले होते, म्हणून जुलाबांचा आणि त्या गोळ्यांचा संबंध कोणाच्या डोक्यातच आला नव्हता.

शेत नांगरून मोकळं पडलं की पहिलं उगवतं ते तण. आतड्यातही असंच एक तण आहे. त्याचं नाव क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, जुन्या पुस्तकांत क्लोस्ट्रिडियम डिफिसिल. अँटिबायोटिकने आतडं मोकळं पडलं की ते वाढतं आणि विष सोडतं, त्या विषाने आतड्याला सूज येते. अँटिबायोटिकच्या दर दहा जुलाबांपैकी एक-दोन यामुळे असतात. जुलाब कोर्स चालू असताना सुरू होतील, किंवा कोर्स संपल्यावर दोन-तीन महिन्यांपर्यंत केव्हाही. वय पासष्टच्या पुढे असेल, हॉस्पिटलमध्ये राहून आलेलं असेल, एकावर एक अँटिबायोटिक झाली असतील तर धोका जास्त. आजींच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी होत्या. आणि लोपेरामाइडसारखी गोळी अशा वेळी विष आतच कोंडून ठेवते. फुगलेलं पोट आणि अचानक बंद झालेले जुलाब हे कधीकधी बरं होण्याचं नव्हे, बिघडण्याचं लक्षण असतं.

मी ब्लडप्रेशरची ती लघवीची गोळी त्या दिवसापुरती थांबवायला सांगितली, घोट घोट ओआरएस चालू ठेवायला सांगितलं आणि १०८ ला फोन करायला लावला. त्यांचं घर धरणाच्या पाण्याच्या पलीकडच्या वाडीत. गाडी पोचायला दीड तास लागला आणि तिथून पुणं पन्नास-साठ किलोमीटर. पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये शौचाची तपासणी झाली आणि डिफिसिलचं विष सापडलं. ही तपासणी पातळ शौचावरच करतात आणि डॉक्टरांना संशय आला तरच सांगतात. म्हणून ‘बारा दिवसांपूर्वी या गोळ्या घेतल्या होत्या’ हे वाक्य पेशंटच्या घरून येणं फार महत्त्वाचं असतं. इलाज होता व्हॅन्कोमायसिन. इंजेक्शनने दिलं तर ते आतड्यात पोचत नाही, म्हणून तोंडाने, दिवसातून चार वेळा, दहा दिवस.

तर फोन कधी करायचा? जुलाबात रक्त दिसलं, ताप आला, पोट जोरात दुखलं किंवा फुगलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, उभं राहिल्यावर चक्कर आली, उलटीमुळे पाणी टिकेना, किंवा दिवसात पाच-सहाच्या वर पाण्यासारखे जुलाब झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. वर्षाच्या आतलं बाळ, गरोदर बाई, पासष्टच्या पुढचं माणूस, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेलं किंवा लघवीची गोळी घेणारं माणूस असेल तर जुलाब सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, यातलं काही नसलं तरी. शहरात तासाभरात दवाखाना गाठता येतो, तिथे थोडी वाट पाहिली तर चालतं. हिरडस मावळातल्या किंवा पानशेतच्या पलीकडच्या घराने तेवढी वाट पाहू नये. अंधार पडायच्या आत ठरवावं. आणि गोळ्या संपून तीन महिने व्हायच्या आत जुलाब लागले, तर गोळीचं नाव सांगितल्याशिवाय कोणतंही औषध घेऊ नये.

गोळ्या घेताना लागलेला प्रत्येक जुलाब गोळीचाच असतो असंही नाही. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालेलं असतं आणि घरात दोघा-तिघांना एकदम जुलाब झाले तर आधी पाण्यावर संशय घ्यावा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट वाढले, तेव्हा अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. जुलाबानंतर हातापायांना मुंग्या आल्या किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर थेट हॉस्पिटल गाठावं.

आजी नवव्या दिवशी घरी आल्या. सुनेला मी एकच जास्तीचं काम सांगितलं. आजींचा संडास काही दिवस ब्लीचने धुवायचा आणि हात साबण-पाण्याने धुवायचे, सॅनिटायझरने नव्हे. या जिवाणूच्या बियांना अल्कोहोलने काही होत नाही, त्या पाण्याने वाहून घालवाव्या लागतात. हा आजार पाचांतल्या एकाला पुन्हा होतो, बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत, म्हणून तोवर रोज सकाळी मला फोन यायचा. तीन आठवड्यांनी आजी तपासायला आल्या तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान सुनेच्या हातात होतं. पाठीमागे पेन्सिलने घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि तारखा. दुकानातून आणलेल्या गोळीची रिकामी पट्टीसुद्धा त्याला टाचणीने लावलेली.

उठताना आजींनी विचारलं, "दही खाऊ का आता?" म्हटलं, खा. त्या म्हणाल्या, "मी थांबवलंच कुठं होतं!"